मदत पाहिजे: जाहिरात आणि अर्जातलं "असावा/असावी, करतो/करते" कसं घालवायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमची तालुक्याच्या गावात छोटी पतसंस्था आहे, मी तिथं ऑफिसचं बघतो. लिपिक आणि शिपाई ही पदं भरायचीत, लोकल पेपरात जाहिरात द्यायची आणि अर्जाचा नमुना छापून ठेवायचा. जुनी फाईल काढली तर सगळीकडं "उमेदवार पदवीधर असावा, त्याने अमुक, तो तमुक". संचालक मंडळातल्या एका मॅडमनी मीटिंगमध्येच सांगितलं की मागच्या वेळी मुली फोन करून विचारत होत्या "आम्ही अर्ज केला तर चालतोय का", तर यावेळी हे बदला. मी आपले सगळीकडं स्लॅश टाकले. आता चेअरमन म्हणतात हे वाचताना पावलापावलाला ठेच लागते. आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे.

मसुदा असा आहे:

१) उमेदवार हा/ही मान्यताप्राप्त विद्यापीठाचा/ची पदवीधर असावा/असावी.
२) निवड झालेला/झालेली उमेदवार ७ दिवसांत रुजू न झाल्यास त्याची/तिची निवड रद्द करण्यात येईल.
३) मी खाली सही करणारा/करणारी असे घोषित करतो/करते की मी वरील पत्त्यावर राहतो/राहते, मी पदवी परीक्षा उत्तीर्ण झालो/झाले आहे व मी दिलेली माहिती खरी आहे. माहिती खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन.

याला काही सुटसुटीत मार्ग आहे का? शुद्ध पुस्तकी नको, गावातल्या बारावी झालेल्या पोरापोरींना एका वाचनात कळलं पाहिजे.

सडेतोड_सदू
आता हेच राहिलं होतं. उमेदवार म्हणजे दोघेही आले, शंभर वर्षं असंच चाललंय.

अॅड_वसंत
सदू यांच्याशी सहमत. जनरल क्लॉजेस अॅक्ट १८९७, कलम १३ बघा. पुल्लिंगी शब्दात स्त्रिया समाविष्ट आहेतच, संदर्भ विरुद्ध नसेल तर. त्यामुळे "असावा" लिहिलं तरी कायद्याने कुणी बाहेर पडत नाही. उगाच मसुदा बिघडवू नका.

एचआरवाली
@अॅड_वसंत कलम बरोबर आहे, पण ते कायदे आणि नियम यांचा अर्थ कसा लावायचा त्यासाठी आहे ना. जाहिरात वाचणारी मुलगी ते कलम उघडून बसत नाही, ती "हवा" वाचते आणि पुढची जाहिरात बघते. कृष्णाकाठ यांच्याकडं फोन आलेत म्हणजे अडचण कोर्टात नाहीये, वाचण्यात आहे. आणि कायद्याचंच बोलायचं तर भरती करताना स्त्रियांशी भेदभाव नको हे १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यातही होतं. मग जाहिरातीतूनच "हे तुमच्यासाठी नाही" असा वास येऊ नये एवढी तरी काळजी घ्यायला काय हरकत आहे.

प्रूफवाले_आजोबा
कृष्णाकाठ, मी आयुष्यभर पेपरात छोट्या जाहिराती तपासल्या, त्यामुळं हा विषय जरा हातातला आहे. तुमचा मसुदा फार बिघडलेला नाही, फक्त तुम्ही चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करताय. स्लॅश टाकून जखमेवर पट्ट्या लावण्यापेक्षा वाक्याची मांडणीच बदला.

मराठीत लिंग कुठं चिकटतं ते बघा. "उमेदवार" हा शब्द वाक्यात मोकळा उभा असला की क्रियापद आणि विशेषण त्याच्या मागं धावतं: उमेदवार असावा, झालेला उमेदवार, उमेदवार आला. पण त्याच शब्दाला ने, ला, कडे, ची असं काही लावलं की मागचं सगळं ढिलं पडतं. "झालेला" आणि "झालेली" दोन्हीचं "झालेल्या" होतं, आणि क्रियापद उमेदवाराला सोडून दुसऱ्या शब्दाला जाऊन चिकटतं.

म्हणून तुमचं पहिलं वाक्य: "उमेदवाराकडे मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असावी." यातली "असावी" पदवीची आहे, उमेदवाराची नाही.

दुसरं: "निवड झालेल्या उमेदवाराने ७ दिवसांत रुजू व्हावे, अन्यथा निवड रद्द होईल." यात त्याची/तिची ची गरजच पडली नाही. कुणाची निवड ते वाचणाऱ्याला कळतंच की. निम्म्या वेळा "त्याचा/तिचा" हा नुसता खोगीरभरतीचा शब्द असतो, काढून टाकला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

तिसऱ्याचं जेवून आल्यावर लिहितो, ते जरा खोलात जायला लागेल.

पुणेरी_कट्टा
एवढं कशाला? सगळं अनेकवचनात लिहा, विषय संपला. "उमेदवार अर्ज करतात", "उमेदवार परीक्षा देतील". करतो/करते चा प्रश्नच नाही.

कोल्हापूरची_पोर
आमच्याकडं ह्यो प्रश्नच न्हाई 😄 आमच्यात बायकाबी "मी येतो, मी जातो, मी करतो" म्हणत्यात. चेअरमनना म्हणावं फॉर्म कोल्हापुरीत छापा.

कृष्णाकाठ
@कोल्हापूरची_पोर आमच्या आजी पण असंच बोलायच्या. पण मॅडम पुण्याच्या आहेत, नाही चालायचं 😀
@आजोबा लई भारी, तिसऱ्याची वाट बघतोय.

प्रूफवाले_आजोबा
आलो. आधी पुणेरी_कट्टा यांचं. अर्धं बरोबर आहे. करतात, देतील, येतील इथं अनेकवचन चालतं. पण "उमेदवार पदवीधर असावेत" लिहिलंत की परत पुल्लिंगच, बायकांचं "असाव्यात" होतं. "निवड झालेले उमेदवार", "उमेदवार गैरहजर राहिले तर" हेही तसंच. भूतकाळ आणि "-वा"ची रूपं अनेकवचनातही लिंग सोडत नाहीत. लोक मिश्र गटाला "असावेत" चालवून घेतात, कानाला एवढं खटकतही नाही, पण मग सुटका झाली असं म्हणू नका. "निवड झालेल्या उमेदवारांनी" म्हणा, तिथं मात्र खरंच सुटका आहे.

आता प्रतिज्ञापत्र. इथं "मी" आहे, मीला ने लागत नाही, त्यामुळं वरची युक्ती चालत नाही, वेगळा रस्ता काढायला लागतो. एकेक तुकडा घेऊ.

"खाली सही करणारा/करणारी": उडवा. खाली सही आहेच.
"घोषित करतो/करते": "घोषित करत आहे". करत आहे, देत आहे, मागत आहे याला लिंग नाही. किती सोपं आहे, पण सरकारी फॉर्मात अजून "करतो/करते" छापतात, कारण मागच्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून यंदाचा टाईप होतो.
"राहतो/राहते": "माझे वास्तव्य वरील पत्त्यावर आहे".
"उत्तीर्ण झालो/झाले": "पदवी परीक्षा उत्तीर्ण केली आहे". क्रियापद परीक्षेला चिकटलं. "जन्मलो/जन्मले" असतं तर "माझा जन्म अमुक गावी झाला".
"पात्र राहीन": हे तुमचं आधीपासूनच बरोबर होतं. राहीन, देईन, करीन, पाळीन, भविष्यकाळात मी म्हणणाऱ्याचं लिंग दिसत नाही.

म्हणजे झालं: "मी असे घोषित करत आहे की माझे वास्तव्य वरील पत्त्यावर आहे, मी पदवी परीक्षा उत्तीर्ण केली आहे आणि वर दिलेली माहिती खरी आहे. माहिती खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन."

मोठ्यानं वाचा. कुठं काही बदललंय असं वाटतं का?

सडेतोड_सदू
हे मात्र चांगलं झालंय, मान्य. मला वाटलं होतं "उमेदवार व्यक्तीने स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाद्वारे" असलं काहीतरी येणार.

मिलिंद_ओक
सोपा मार्ग सांगू का, सगळं कर्मणी करायचं. "अर्ज सादर करण्यात यावेत, मुलाखत घेण्यात येईल, निवड करण्यात येईल, घोषणा करण्यात येत आहे." कुठंच तो-ती येत नाही. आमच्या ऑफिसात मी असंच लिहितो.

एचआरवाली
मिलिंद, म्हणूनच तुमच्या ऑफिसची पत्रं कुणी वाचत नाही 😜 सिरीयसली, "कागदपत्रे सादर करण्यात यावीत" म्हणजे कुणी करायची, उमेदवाराने की आधीच्या ऑफिसने? आमच्याकडे अनुभवाच्या दाखल्याबाबत नेमका हाच घोळ झाला होता. निम्मे लोक जुनी कंपनी परस्पर पाठवेल म्हणून थांबले. "उमेदवाराने दाखला सोबत जोडावा" यातही लिंग नाहीये आणि कुणी काय करायचं ते स्पष्ट आहे. "येईल, यावे" तिथंच ठेवा जिथं करणारी संस्था आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि "व्यक्ती"चं पण तेच. एखाद्या ठिकाणी बरं, "इच्छुक व्यक्तींनी संपर्क साधावा". पण प्रत्येक ओळीत व्यक्ती आली की पोलिसांचा पंचनामा वाचल्यासारखं होतं, शिवाय पुढं "ती व्यक्ती, तिने" सुरू होतं.

मीनाक्षी_ठाणे
विषय निघालाच आहे तर माझं सांगते. माझा घटस्फोट झालाय. कुठल्याही फॉर्मवर "वडिलांचे/पतीचे नाव" असा एकच रकाना. काय लिहू? आणि आधी कु./सौ./श्रीमती यातलं एक निवडा. श्रीमती लिहिलं की आमच्या सोसायटीतल्या काकू "अरेरे कधी झालं" म्हणतात, कारण आपल्याकडे अजून निम्मे लोक श्रीमती म्हणजे विधवा समजतात. पुरुषांना मात्र लग्नाआधी श्री, लग्नानंतर श्री. माझा भाऊ कधीच कुठल्या फॉर्मवर "पत्नीचे नाव" भरत नाही. याला काय व्याकरण लावणार?

कृष्णाकाठ
मीनाक्षीताई, आमच्या फॉर्मवर तोच रकाना आहे 🙈 जुन्या फाईलमधून आलाय. आजोबा, याचं काय करू?

प्रूफवाले_आजोबा
हा माझा प्रांत नाही, इथं व्याकरण काही करू शकत नाही. रकानाच का आहे हे विचारायला लागेल.

एचआरवाली
मी सांगते. अर्जाच्या वेळी तुम्हाला नाव कागदपत्रांशी जुळवायचं असतं, बाकी काही नाही. तर "पूर्ण नाव (आधारकार्डावर आहे तसे)" एवढा एक रकाना आणि "पदवी प्रमाणपत्रावर नाव वेगळे असल्यास ते नाव" असा दुसरा. लग्नाने, घटस्फोटाने, राजपत्रातून, कशानेही नाव बदललेलं असो, या दुसऱ्या रकान्यात सगळे बसतात. कु./सौ./श्री. सगळं काढा, त्यावरून तुम्ही काहीही ठरवणार नाही. निवड झाल्यावर वारस लावायचा तेव्हा नातं विचारा, तिथं त्याचं काम आहे.

आणि एक, मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलंय की १ मे २०२४ ला किंवा नंतर जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लागेल. ती बाळं तुमच्याकडे नोकरी मागायला यायला अजून वेळ आहे, पण "पहिले नाव - वडिलांचे नाव - आडनाव" अशा तीन चौकटी छापून ठेवल्यात तर त्या कधीतरी बदलायला लागणारच. मोकळी ओळ ठेवा.

चंद्रपूरकर
म्हणजे महिला आरक्षण काढणार का तुम्ही लोक? माझी बहीण तयारी करतेय, तीस टक्के महिला जागा आहेत. सगळं न्यूट्रल केलं तर तिचं काय?

प्रूफवाले_आजोबा
नाही हो, तो विषयच नाही. सरकारी जाहिरातीत आरक्षणाचा तक्ता असतो, तिथं "महिला" असा रकाना असतोच आणि असायलाच पाहिजे. जिथं लिंगावरून काही ठरतं तिथं ते ठळक लिहा, जिथं काही ठरत नाही तिथं वाक्यात घुसवू नका. बहिणीला शुभेच्छा.

ब्रदर_नर्सिंग
मी पुरुष आहे आणि माझ्या ऑर्डरवर पद "अधिपरिचारिका" आहे. पेशंट ब्रदर म्हणतात, कागदावर मी परिचारिका. बँकेत लोनला गेलो तर मॅनेजर दोनदा वर-खाली बघतो. तुम्ही इथं असावा-असावी करताय, पदांच्या नावाचं कुणीतरी बोला.

मिलिंद_ओक
उलटंही आहेच. जिल्हा परिषदेच्या २०२३ च्या भरतीत "आरोग्य सेवक (पुरुष)" आणि "आरोग्य परिचारिका (आरोग्य सेवक महिला)" अशी पदनामं होती. कंसात आधी सेवक, मग महिला.

एचआरवाली
पदाचं नाव जाहिरात लिहिणारा बदलू शकत नाही, ते सेवा नियमांत असतं, त्यामुळे ब्रदर यांचं दुखणं वरूनच सुटेल. पण सुटतं हे नक्की. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून "ग्रामपंचायत अधिकारी" केलं २०२४ मध्ये. ते बायकांसाठी केलं नव्हतं, संवर्ग आणि पगाराचं कारण होतं, पण ग्रामसेवक की ग्रामसेविका हा घोळ त्यात आपसूक गेला. अधिकारी, लिपिक, मदतनीस, रोखपाल, व्यवस्थापक, चालक, सुरक्षारक्षक यांना कुणी अडखळत नाही. खाजगी जाहिरातीत मात्र आपल्या हातात आहे: ऑफिस बॉय ऐवजी ऑफिस मदतनीस, वॉचमन ऐवजी सिक्युरिटी गार्ड, सेल्सगर्ल ऐवजी सेल्स असिस्टंट. शेवटचा इंग्रजीच आहे पण "विक्री सहायक" लिहिलंत तर दुकानदार फोनवर तुम्हालाच अर्थ विचारेल.

प्रूफवाले_आजोबा
यावरून आठवलं, जाहिरातीच्या मथळ्याला जुना "पाहिजे" काय वाईट होता? "अनुभवी ड्रायव्हर हवा" म्हटलं की पुरुष झाला. "अनुभवी ड्रायव्हर पाहिजे" म्हटलं की कुणीही. पाहिजे, पाहिजेत, नेमणे आहे. पूर्वीच्या छोट्या जाहिरातींची भाषा अक्षरं वाचवायला घडली होती, पण त्यात लिंग आपोआप टळलं. "अनुभवी", "इच्छुक", "पात्र", "होतकरू", "गरजू" ही विशेषणंही कुणासाठीच बदलत नाहीत. "चांगला", "शिकलेला", "राहणारा" ही बदलतात, ती टाळा किंवा "उमेदवारांना प्राधान्य" लावून "शिकलेल्या, राहणाऱ्या" करा. "तालुक्यात राहणाऱ्यांना प्राधान्य" बघा, किती छोटं.

नदीकाठची
सगळी चर्चा वाचली. मी ट्रान्स आहे. स्लॅशवाल्या फॉर्ममध्ये मला करतो किंवा करते यातलं एक खोडायला लागतं, म्हणजे अर्जाच्या पहिल्या पानावरच एक उत्तर द्यावं लागतं जे कुणी धड विचारलेलंही नसतं. आजोबांच्या "करत आहे"मध्ये मला काही खोडावं लागत नाही. पण कृष्णाकाठ, "लिंग" असा रकाना तुमच्या फॉर्मवर आहे का? तिथं किती पर्याय आहेत?

कृष्णाकाठ
आहे. स्त्री/पुरुष एवढेच. खरं सांगतो, डोक्यातच आलं नव्हतं कुणाच्या.

अॅड_वसंत
तिसरा पर्याय द्याच. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दल सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल एप्रिल २०१४ चा आहे, कायदा २०१९ चा आहे. पोलीस भरतीच्या ऑनलाईन अर्जात हा पर्याय नव्हता म्हणून २०२२ मध्ये आधी मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आणि मग हायकोर्टापर्यंत प्रकरण गेलं, तेव्हा तो टाकला गेला. तुमच्या संस्थेला छपाईआधी एक ओळ वाढवायची आहे फक्त.

मिलिंद_ओक
"इतर" लिहा, सगळे येतात.

नदीकाठची
"इतर" म्हणजे किराणा यादीतलं शेवटचं ओ. नको.

मिलिंद_ओक
मग काय, तृतीयपंथी? सरकारी कागदांवर तेच असतं.

नदीकाठची
काहींना चालतं, मला नाही आवडत. ते ऐकलं की लोकांच्या डोळ्यासमोर सिग्नलच उभा राहतो. माझ्या ओळखीतले काहीजण "पारलिंगी" म्हणतात, पण गावात कुणाला कळणार. मी स्वतः "ट्रान्सजेंडर" लिहिते.

ब्रदर_नर्सिंग
आमच्याकडे येणारे गुरू-चेल्यांच्या घराण्यातले लोक स्वतःला तृतीयपंथीच सांगतात, ट्रान्सजेंडर म्हटलं तर त्यांना ते शहरी पोरांचं वाटतं. त्यामुळे एक शब्द सगळ्यांना पटेल असं मला नाही वाटत.

एचआरवाली
दोन्ही छापता येतील, "ट्रान्सजेंडर / तृतीयपंथी". पण मी वेगळंच विचारते, अर्जाच्या टप्प्यावर लिंग हवंय कशाला? जागा राखीव नाहीत, शारीरिक चाचणी नाही. मग निवड झाल्यावर जॉइनिंग फॉर्मवर विचारा की. आणि विचाराल तेव्हा कलेक्टरचं प्रमाणपत्र जोडा वगैरे मागू नका, स्त्री-पुरुषांकडे तुम्ही कुठं मागता.

कृष्णाकाठ
चेअरमन म्हणतात आकडेवारी लागते, वार्षिक अहवालात महिला कर्मचारी किती ते देतो. बघतो, मीटिंगमध्ये ठेवतो. तोपर्यंत तीन पर्याय आणि "सांगायचे नाही" असा चौथा ठेवलाय.

जाहिरात आत्ता अशी झालीय, बघा:

पाहिजेत. लिपिक आणि शिपाई. लिपिक पदासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी व मराठी टायपिंग आवश्यक. शिपाई पदासाठी किमान दहावी उत्तीर्ण. तालुक्यात राहणाऱ्यांना प्राधान्य. सर्व स्त्री, पुरुष व ट्रान्सजेंडर उमेदवार अर्ज करू शकतात. इच्छुकांनी अर्जाचा नमुना संस्थेच्या कार्यालयातून घ्यावा व मूळ कागदपत्रांसह मुलाखतीस यावे. निवड झालेल्या उमेदवारांनी ७ दिवसांत रुजू व्हावे, अन्यथा निवड रद्द होईल.

प्रूफवाले_आजोबा
उत्तम. "सर्व स्त्री, पुरुष..." ही ओळ भाषेच्या दृष्टीनं लागत नाही, बाकी वाक्यं आधीच सगळ्यांची आहेत. पण फोन येऊ नयेत म्हणून ठेवा, जुन्या जाहिरातींची सवय लोकांना आहे. छापायला देण्याआधी फाईलमध्ये शोधून बघा: तिरकी रेघ, "असावा", "णारा", "लेला", "तो", "त्या". "त्या" टाकलंत की त्याने, त्याची, त्यांनी सगळे सापडतील, त्यातले "त्यांनी" सोडून द्या. आणि सापडलेला प्रत्येक "असावा" काढू नका हं, "दाखला असावा" मधला दाखल्याचा आहे.

पुणेरी_कट्टा
"मुलाखतीस यावे" पेक्षा "उपस्थित राहावे" बरं नाही का?

सडेतोड_सदू
यावेच बरं. कळतं.

कोल्हापूरची_पोर
सगळं झ्याक हाय, पर पगार किती आन् अर्जाची शेवटची तारीख कुटली ते लिवायचं राहिलंय की ओ. माझ्या भैनीला पाठवायचीय जाहिरात.